चूक, दोष आणि विसंगती: चाचणी अहवालात कोणता शब्द कुठे?

प्रश्न: वीजबिल आकारणीच्या एका मॉड्यूलचा चाचणी आराखडा आणि सारांश अहवाल मराठीत लिहायचा आहे. ‘एरर’, ‘डिफेक्ट’ आणि ‘फेल्युअर’ या तिन्हींसाठी ‘चूक’ हा एकच शब्द चालेल का? आणि ‘चार चाचण्या अयशस्वी’ असे लिहिणे बरोबर आहे का?

उत्तर: एकच शब्द वापरू नये, कारण मराठीची क्रियापदेच या तीन गोष्टी वेगळ्या ठेवतात. चूक माणसाकडून होते, दोष वस्तूत राहतो आणि विसंगती दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्यावर आढळते. चाचणी घेणाऱ्याच्या वाट्याला आधी फक्त विसंगती येते. तिच्या मागचा दोष नंतर सापडतो, आणि तो दोष कोणत्या चुकीमुळे राहिला, हे तर दोषाचा माग काढल्यावरच समजते.

एक नमुना घेऊन पाहू. दरपत्रकात 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर असे युनिटांचे टप्पे आहेत, आणि हिशेब सोपा राहावा म्हणून त्यांचे दर प्रतियुनिट 5, 10, 15 आणि 20 रुपये धरू. प्रत्येक टप्प्यातल्या युनिटांना त्या टप्प्याचाच दर लागतो. अशा मॉड्यूलमध्ये गडबड बहुतेक वेळा टप्प्यांच्या सीमेवर होते, म्हणून आराखड्यात 0, 99, 100, 101, 299, 300, 301, 499, 500 आणि 501 युनिटांच्या दहा टेस्ट केसेस घेतल्या. अकरावीत चालू रीडिंग मागच्या रीडिंगपेक्षा 40 ने कमी दिले, म्हणजे मॉड्यूलने ते नाकारायला हवे. बारावी केस महिन्याच्या मध्येच मीटर बदलल्याची ठेवली. प्रत्येक केसपुढे अपेक्षित रक्कम चाचणीआधीच, दरपत्रकावरून हाताने हिशेब करून लिहिली. प्रोग्रामने दिलेला आकडाच अपेक्षित म्हणून उतरवला, तर कोणतीही विसंगती कधीच दिसणार नाही.

चाचणीत 101 युनिटांना 510 ऐवजी 500 रुपये आले, 299 ला 2490 ऐवजी 2480 आणि 300 ला 2500 ऐवजी 2490. तिन्ही ठिकाणी दहाच रुपये कमी, आणि 301 ला मात्र 2515 ही रक्कम बिनचूक. फरक एकाच टप्प्यात आणि तोही ठरावीक असेल, तर तिन्हींच्या मागे एकच कारण असण्याचा संभव मोठा असतो. कोड उघडल्यावर ते दिसले:

```
if units <= 100:
    amount = units * 5
elif units <= 300:
    amount = 500 + (units - 101) * 10
```

इथे 101 नव्हे, 100 वजा करायला हवे होते. दरपत्रकात ‘101 ते 300’ असे छापलेले असते. प्रोग्रामरने तेच 101 उचलले. ही झाली चूक. त्या ओळीत राहिलेले 101 हा दोष, आणि बिलात तीनदा कमी आलेले दहा रुपये या विसंगती. एक चूक, एक दोष, तीन विसंगती. तिन्हींना ‘चूक’ म्हटले, तर अहवालात ‘तीन चुका’ लिहाव्या की ‘एक चूक’, हे लिहिणाऱ्यालाच ठरवता येणार नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात मी अशाच एका अहवालात ‘नऊ चुका’ लिहिले होते. दोष दोनच निघाले, आणि ज्याने तो कोड लिहिला होता त्या सहकाऱ्याला मधल्या काळात विनाकारण नऊ चुकांचा जाब द्यावा लागला. मराठीत ‘चूक’ या शब्दाला कर्ता चिकटलेला असतो. ‘दोष’ वस्तूबद्दल बोलतो, आणि अहवाल वस्तूबद्दलच असायला हवा.

‘फेल्युअर’साठी काही जण ‘बिघाड’ सुचवतात. मला तो पटत नाही, कारण बिघाड म्हटले की यंत्र बंद पडल्याचे चित्र उभे राहते. इथे मॉड्यूल सुरळीत चालू होते, फक्त उत्तर चुकत होते. चाचणीच्या कागदपत्रांसाठी असलेल्या आयईईई 829 या मानकाच्या 1998 च्या आवृत्तीत अशा नोंदीला ‘इन्सिडंट रिपोर्ट’ असे नाव होते, तर 2008 च्या आवृत्तीत ‘ॲनॉमली रिपोर्ट’ आले. दोन्ही नावांत ‘डिफेक्ट’ हा शब्द टाळलेला आहे आणि तो योग्यच टाळला आहे, कारण नोंद करतेवेळी दोष कोडमध्ये आहे, दरपत्रकाच्या टिपणात आहे की हाताने केलेल्या हिशेबातच आहे, हे ठरलेले नसते. ‘विसंगती’ हा शब्द तेवढेच सांगतो, जेवढे त्या क्षणी माहीत असते.

आता ‘अयशस्वी’. ‘चाचणी अयशस्वी झाली’ हे वाक्य ग्राहकाकडच्या माणसाने वाचले, तर त्याला वाटेल की चाचणी घेताच आली नाही. प्रत्यक्षात 300 युनिटांची चाचणी घेतली गेली आणि तिने लपलेला दोष उघडकीस आणला, म्हणजे चाचणी म्हणून ती यशस्वीच झाली. याउलट आपली बारावी केस खरोखरच घेता आली नाही, कारण मीटर बदलल्याची नोंद करण्याचा स्क्रीनच तयार नव्हता. या दोघींना एकाच ‘अयशस्वी’ रकान्यात बसवणे हा अहवालाचा मोठा घोटाळा ठरेल. बोलताना आपण ‘केस पास झाली’, ‘फेल झाली’ म्हणतो. तेच शब्द लेखी ठेवले तरी बिघडत नाही. पण शुद्ध मराठी हवे असेल, तर ‘जुळली’, ‘जुळली नाही’ आणि ‘खोळंबली’ असे तीन निकाल लिहावेत. ‘खोळंबली’मध्ये दुसऱ्या कशासाठी तरी थांबून राहणे हा अर्थ आपोआप येतो, म्हणून कशासाठी खोळंबली, हेही पुढे लिहावे लागते.

इंग्रजीतला ‘रिझल्ट’ दोन कामे करतो, त्यांचीही मराठीत फोड करावी. मॉड्यूलने दिलेले 2490 रुपये हे ‘प्रत्यक्ष फलित’, आणि ती रक्कम अपेक्षित फलिताशी जुळली नाही, हा ‘निकाल’.

अकराव्या केसमध्ये मॉड्यूलने उणे 200 रुपयांचे बिल काढले, कारण उणे 40 हा आकडाही 100 पेक्षा लहानच असतो आणि पहिली अट पूर्ण होते. हा दुसरा दोष. त्यामुळे सारांशातले वाक्य असे होईल: ‘आखलेल्या 12 केसेसपैकी 11 घेतल्या; 7 जुळल्या, 4 जुळल्या नाहीत, 1 खोळंबली. आढळलेल्या 4 विसंगतींच्या मागे 2 दोष निघाले. मीटर बदललेल्या महिन्याची आकारणी तपासलेली नाही.’ यातले शेवटचे वाक्य तळटीपेत ढकलू नये. ग्राहकाला सर्वांत आधी तेच कळायला हवे.

‘दुरुस्त’ आणि ‘बंद’ हे शब्दही एकमेकांच्या जागी वापरू नयेत. 101 च्या जागी 100 लिहिले की प्रोग्रामरच्या लेखी दोष दुरुस्त होतो. तो बंद झाला असे मात्र चाचणी घेणाऱ्यानेच लिहावे, आणि तेही 101, 299 व 300 या तिन्ही केसेस पुन्हा घेऊन त्या जुळल्यावर, तसेच पूर्वी जुळलेल्या 100 आणि 301 या शेजारच्या केसेस दुरुस्तीनंतरही जुळतात हे पाहिल्यावर.