किनाऱ्यावर संवादाचा सीन आणि हातात फक्त २० मिनिटं

प्रश्न: जानेवारीच्या मध्यात मालवणजवळच्या किनाऱ्यावर दोघांचा अडीच मिनिटांचा संवाद सूर्यास्ताच्या उजेडात शूट करायचाय. मागच्या वेळी एडिटला बसल्यावर कळलं की प्रत्येक शॉटचा उजेड वेगळा. एकच कॅमेरा आहे. प्लॅन कसा करायचा?

उत्तर:

गडबड बहुतेक वेळा शॉटच्या क्रमात असते. सूर्यास्ताआधीच्या सोनेरी उजेडाला ‘गोल्डन अवर’ म्हणतात म्हणून आपण तासाचा हिशेब धरतो, पण आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. १५ जानेवारीला मालवणला सूर्यास्त साधारण ६.२३ ला होतो आणि सूर्य क्षितिजापासून ६ अंशांवर येतो ५.५३ च्या आसपास. म्हणजे सोनेरी उजेड अर्धा तास. त्यात क्षितिजावर धुरकट थर असेल तर शेवटची आठ-दहा मिनिटं सूर्य त्यातच विरतो. ती हिशेबात धरूच नका. लोकेशनवर हात पुढे ताणून सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये बोटं आडवी धरून बघा. आपल्याकडे एक बोट म्हणजे साधारण आठ मिनिटं. एका बोटाला पंधरा मिनिटं हा सर्रास सांगितला जाणारा हिशेब इथे फसवतो.

सरळ उतरण्याचा फायदाही आहे: त्या अर्ध्या तासात सूर्याची दिशा दोन-तीन अंशच सरकते, त्यामुळे एकदा लावलेली फ्रेम टिकते. त्या तारखेला सूर्य २४८ अंशांवर मावळतो, म्हणजे नेमक्या पश्चिमेपासून २२ अंश दक्षिणेला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात रेकी केली असेल तर तेव्हा तो थेट पश्चिमेला दिसला असणार. त्यामुळे suncalc.org वर शूटची तारीख टाकून दिशा बघा. जागेवर फोनचं होकायंत्र वापरताना गाडी आणि लोखंडी स्टँडपासून लांब उभे राहा.

आता पात्रं कशी उभी करायची, हे सगळ्यात महत्त्वाचं. एकाची पाठ समुद्राकडे आणि दुसऱ्याचं तोंड समुद्राकडे ठेवलंत, तर एकाला बॅकलाइट आणि दुसऱ्याच्या तोंडावर सपाट ऊन. हे दोन शॉट कितीही ग्रेड केले तरी एका जागचे वाटत नाहीत. शिवाय दुसऱ्याच्या क्लोजला सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी येतो. ६ अंशांवर सावली उंचीच्या साडेनऊ पट पडते, त्यामुळे पाच फुटांवरच्या कॅमेऱ्याची सावली आठ फुटांवरच्या नटाच्या थेट छातीवर जाते. म्हणून दोघांना जोडणारी रेषा सूर्याच्या दिशेला काटकोनात ठेवा, म्हणजे साधारण पाण्याच्या कडेला समांतर. कॅमेरा कायम जमिनीच्या बाजूला. दोघांच्याही समुद्राकडच्या गालावर आणि केसांवर सोनेरी किनार येते, चेहरा पांढऱ्या थर्माकोलवरून उजेड परतवून उचलता येतो आणि सावल्या कॅमेऱ्याकडे पडतात.

क्रम असा ठेवा. ५.२० ला सूर्य साधारण १३ अंशांवर असतो, तेव्हा दोन्ही क्लोज घ्या. टाइट फ्रेममध्ये वाळू आणि सावल्या नसतात, सूर्यही बाहेर असतो. केसांवरची किनार थोडी पांढरी येईल, ती ग्रेडमध्ये तापवता येते. हे क्लोज मास्टरच्या, म्हणजे दोघं एकत्र दिसणाऱ्या वाइड शॉटच्या, जागेपासून पंधरा-वीस फूट बाजूला घ्या, नाहीतर युनिटच्या पावलांनी वाळू तुडवली जाते आणि मास्टरमध्ये ते लगेच दिसतं. जवळ एक दाताळं ठेवाच. ५.५३ ला मास्टर, जास्तीत जास्त दोन टेक. ६.०३ पासून दोन्ही सजेशन, म्हणजे एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा, कारण त्यांत आकाश आणि पाणी मास्टरसारखंच दिसायला हवं. आधी मास्टर आणि मग क्लोज ही सवय इथे महागात पडते. क्लोजची वेळ येईपर्यंत सूर्य गेलेला असतो.

व्हाइट बॅलन्स ५६०० केल्विनवर लॉक करा. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा सोनेरी रंग खोडत राहतो, तोही दर शॉटला वेगळा. शटर १/५० आणि अॅपर्चर समजा f/4 शेवटपर्यंत तेच ठेवा, नाहीतर मागचा समुद्र एका शॉटमध्ये धूसर आणि पुढच्यात स्पष्ट होतो. उजेड कमी होईल तसा एनडी, म्हणजे लेन्समध्ये येणारा उजेड कापणारा फिल्टर, उतरवा: १.२, मग ०.९, ०.६, ०.३. प्रत्येक पायरी एक स्टॉपची. व्हेरिएबल एनडी टाळा. त्यात पोलरायझर असतो, रिंग फिरवली की पाण्यावरची चमक बदलते. एक्स्पोजर आकाशावर नको, चेहऱ्यावर मोजा.

थांबायचं कधी, तेही मोजूनच ठरवा. सूर्य उतरतो तशी किनार मंदावते, पण आकाशाचा उजेड तितक्या वेगाने कमी होत नाही. किनार चेहऱ्यापेक्षा एक स्टॉपनेही उजळ उरली नाही, की तो शॉट आधीच्या शॉटशी जुळणार नाही. एखादी ओळ राहिलीच, तर सूर्यास्तानंतरच्या दहा मिनिटांत टाइट क्लोजमध्ये घ्या: नटाच्या मागे, समुद्राच्या बाजूला, कानाच्या उंचीवर ३२०० केल्विनचा एलईडी. फ्रेममध्ये वाळू नको आणि आकाश पूर्ण आउट ऑफ फोकस.