रेशनची चिठ्ठी दिली, पुढे?

प्रिय डॉक्टर,

परवा तू पाठवलेला केसपेपरचा फोटो पाहिला. 'अन्नाची अडचण आहे, रेशन दुकानात पाठवले' एवढीच ओळ. प्रश्न विचारलास हे चांगलंच झालं, पण या ओळीवरून पुढच्या डॉक्टरला काहीच कळणार नाही.

आधी प्रश्नाचं बघू. 'घरी नीट जेवता ना?' असं विचारलं की आपल्याकडे कुणीही 'हो' म्हणतं. सासू शेजारी बसली असेल तर दोनदा म्हणतं. त्यापेक्षा 'हंगर व्हायटल साइन' नावाची दोन वाक्यांची तपासणी आहे, तिचा ढंग वापर. 'पुष्कळ घरांत असं होतं म्हणून सगळ्यांनाच विचारते. गेल्या वर्षभरात, हातात पैसे यायच्या आधीच घरातलं धान्य संपेल अशी काळजी वाटली का? आणलेलं पुरलं नाही आणि आणखी आणायला पैसे नव्हते, असं झालं का?' प्रत्येकाला उत्तरं तीन: नेहमी, कधीकधी, कधीच नाही. दोन्हींपैकी एकालाही पहिली दोनपैकी कुठलीही आली तर अडचण आहे असं धर. अडचण किती खोल, घरात कोण उपाशी राहतं, हे यातून कळत नाही. ते पुढे बोलून काढावं लागतं.

माझीच एक चूक सांगते. धुण्याभांड्याची कामं करणारी, पन्नाशीची एक बाई मधुमेहासाठी यायची. पगारानंतरच्या आठवड्यात साखर वाढलेली दिसली म्हणून मी ग्लिमेपिराइड एक मिलिग्रॅमवरून दोनवर नेली. पुढे तीन महिने तिच्या कागदावर 'घाम, थरथर' असं लिहिलं गेलं आणि मी ते नुसतं वाचत गेले. चौथ्यांदा सकाळी अकराला साखर 62 निघाली. तारखा पाहिल्या तर चारही वेळा महिन्याचा शेवटचा आठवडा. गोळी चहाबरोबर घ्यायची, पोळी मुलाच्या डब्यात जायची. पोटात अन्न नसलं तरी ही गोळी साखर खाली आणतच राहते. तेव्हा कुठे मी तिला ते दोन प्रश्न विचारले.

त्या दिवशी साखरपाणी देऊन तिला बसवून ठेवलं, ती गोळी थांबवली, रिकाम्या पोटी साखर सहसा पाडत नाही अशा औषधावर नेलं. मग रेशन. कार्ड गावचं, प्राधान्य कुटुंबाचं. नावं चार: ती, मुलगा, सासू, सासरे. माणशी 5 किलोप्रमाणे महिन्याला 20 किलो. 'एक देश एक रेशन कार्ड'मुळे पुण्यातल्या दुकानातही धान्य उचलता येतं, म्हणून मी चिठ्ठी दिली आणि काम झालं असं समजले.

ती रिकाम्या हाताने परतली. मशीनवर शिल्लक शून्य, कारण गावी सासऱ्यांनी पूर्ण 20 किलो आधीच उचललं होतं. या योजनेनं धान्य वाढत नाही, आहे तेच दुसरीकडे घेता येतं. शिवाय गावच्या त्या धान्यावर कार्डात नाव नसलेलं दिराचं घरही जेवत होतं. म्हणजे खरं काम दुकानात नव्हतंच, गावी फोन करण्यात होतं. तो तिच्या परवानगीने, तिच्यासमोर आमच्या समाजसेविकेने केला. ठरलं ते असं: तिथे 10, इथे 10. दिराला वेगळ्या कार्डासाठी तहसीलला जायला सांगितलं. त्याचं काय झालं ते आमच्या कागदावर नाही, आणि असायलाच हवं असंही नाही.

तर तुझ्या त्या एका ओळीच्या जागी असं लिही:

'दि. 27. दोन्ही प्रश्नांना कधीकधी. मुलासमोर विचारले नाही. अपुऱ्या अन्नाचा निदान-कोड Z59.4. परिणाम: शेवटच्या आठवड्यात जेवण चुकते, साखर 62, ग्लिमेपिराइड बंद. रेशन: कार्ड गावचे, 4 नावे. परवानगी घेऊन गावी फोन, समाजसेविका. पुढच्या महिन्याच्या 10 तारखेला विचारणे: किती किलो हातात आले?'

शेवटचा प्रश्न किलोतच विचार. 'मिळालं का?' म्हटलं तर लोक आपलं मन राखायला हो म्हणतात. उत्तर त्याच ओळीखाली लिही: पूर्ण, अर्धवट किंवा नाही, आणि नाही तर कारण. शिल्लक शून्य, अंगठा जुळला नाही, दुकान बंद, गेलेच नाहीत, या प्रत्येकाची वाट वेगळी. भांडी घासून घासून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या बाईला पुन्हा तीच चिठ्ठी देऊन उपयोग नाही. दुकानदार नकार देत असेल तर 1967 या हेल्पलाइनवर तक्रार करून तक्रारीचा क्रमांक कागदावर उतरवून ठेव. दुकानाच्या चिठ्ठीवर मात्र आजार लिहू नकोस. मधुमेह दुकानदाराला कळायचं कारण नाही.

आणखी एक. ज्यांनी 'कधीच नाही' म्हटलं आणि ज्यांना गर्दीत विचारायचं राहून गेलं, त्यांचीही नोंद वेगवेगळी कर. रकाना कोरा ठेवलास तर वर्षअखेरी दोन्ही सारखेच दिसतील.

ती बाई पुढच्या महिन्यात दहा तारखेला आली. नऊ किलो, म्हणाली. एक किलो कुठे गेलं ते विचारायला समाजसेविका दुकानात गेली, तेही कागदावर आहे.

तुझी,
ताई