धावचक्र, टप्प्यांचा नकाशा आणि स्टीव्ह स्मिथ

प्रश्न : समालोचनात ‘पिच मॅप’ आणि ‘वॅगन व्हील’ हे शब्द सतत येतात. ‘वॅगन व्हील’ला ‘धावचक्र’ म्हटले तर चालेल का? आणि या दोन चित्रांवरून एखाद्या फलंदाजासाठी गोलंदाजीची दिशा आणि क्षेत्ररचना नेमकी कशी ठरवतात?

‘धावचक्र’ चालेल, आणि तो शब्द नेमकाही आहे, कारण त्या चित्रात फक्त धावा असतात. फलंदाजापासून मैदानभर निघालेली प्रत्येक रेघ एका धाव मिळालेल्या फटक्याची असते. निर्धाव चेंडू, हुकलेले फटके आणि झेल त्यात उमटत नाहीत. ‘पिच मॅप’ला ‘टप्प्यांचा नकाशा’ म्हणावे. चेंडू खेळपट्टीवर कुठे पडला एवढेच तो दाखवतो. पडल्यानंतर चेंडू किती वळला किंवा फलंदाजाजवळून कोणत्या दिशेने गेला, हे त्यावरून कळत नाही.

योजना आखायची तर ही चित्रे एकमेकांपासून सुटी वाचून भागत नाही. आधी गोलंदाजाचा प्रकार वेगळा काढतात, कारण उजव्या हाताचा वेगवान गोलंदाज आणि ऑफस्पिनर यांचे ठिपके एकाच नकाशावर मिसळले तर काहीच अर्थ लागत नाही. मग नकाशाचे दिशा आणि टप्पा यांनुसार चौकोन पाडतात आणि एकेका चौकोनातल्या चेंडूंचेच धावचक्र काढून पाहतात. अमुक फलंदाज कव्हरमधून खूप धावा काढतो, ही माहिती अर्धवट आहे. त्या धावा ऑफ यष्टीबाहेरच्या, पुढे पडलेल्या चेंडूंवर आल्या आहेत हे कळले, की गोलंदाजाला काय टाळायचे ते समजते.

भारताच्या 2020-21 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात स्टीव्ह स्मिथसाठी आखलेली योजना हे याचे चांगले उदाहरण आहे. 2019 च्या अ‍ॅशेसमध्ये त्याने चार कसोटींत 774 धावा केल्या होत्या. चेंडू पडायच्या आतच तो यष्ट्यांसमोर ऑफ साइडला सरकतो, त्यामुळे इतरांना ‘बाहेरचा’ वाटणारा चेंडू त्याच्या बॅटच्या टप्प्यात येतो आणि यष्ट्यांवरचा चेंडू तो लेग साइडला ढकलतो. नुसते धावचक्र पाहणारा कर्णधार लेग साइडच्या रेघा पाहून चेंडू आणखी बाहेर टाकायला सांगेल. भारताने नेमके उलटे केले. गोलंदाजी प्रशिक्षक भरत अरुण यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, ऑफ साइडच्या धावाच बंद करायच्या, चेंडू सरळ यष्ट्यांवर ठेवायचा आणि लेग साइडला क्षेत्ररक्षक वाढवायचे, असे ठरले होते. म्हणजे त्याच्या आवडत्या बाजूला त्याला खेळू द्यायचे, पण तिथे चौकाराऐवजी एकेरी धाव मिळेल आणि चुकला तर झेल जाईल, अशी सोय करायची.

यात दोन अडचणी आहेत. नियमानुसार चेंडू टाकला जातो त्या क्षणी लेग साइडला स्क्वेअरच्या मागे यष्टिरक्षकाव्यतिरिक्त दोनच क्षेत्ररक्षक उभे राहू शकतात. एक लेग स्लिपमध्ये आणि दुसरा सीमेवर फाइन लेगला ठेवला, की लेग गलीसाठी जागा उरत नाही. उरलेले क्षेत्ररक्षक स्क्वेअरच्या पुढेच लावावे लागतात, म्हणून शॉर्ट मिडविकेटला महत्त्व येते. दुसरी अडचण अचूकतेची. तिन्ही यष्ट्यांची मिळून रुंदी 22.86 सेंटिमीटर असते. ऑफ साइड जवळजवळ मोकळी सोडल्यावर चेंडू वीतभर बाहेर गेला तरी तो थेट चौकार होऊ शकतो. त्यामुळे ज्या गोलंदाजाच्या स्वतःच्या नकाशावर ठिपके ऐसपैस पसरलेले असतात, त्याच्या हाती ही रचना देऊ नये, असे मला वाटते. फलंदाजाच्या नकाशाची चर्चा खूप होते, गोलंदाजाच्या नकाशाची मात्र फारच कमी.

मेलबर्नला पहिल्या डावात स्मिथने रविचंद्रन अश्विनच्या चेंडूवर लेग साइडला जवळ उभ्या चेतेश्वर पुजाराकडे झेल दिला आणि तो शून्यावर बाद झाला. दुसऱ्या डावात आठ धावांवर जसप्रीत बुमराने त्याचा पायांमागून त्रिफळा उडवला. सिडनीला मात्र त्याच स्मिथने 131 आणि 81 धावा केल्या. तिथली खेळपट्टी फलंदाजीला सोपी होती आणि त्याने अश्विनवर सुरुवातीपासून दबाव आणला. आधीच्या डावांवरून काढलेले चित्र असे जुने होते, कारण फलंदाजही स्वतःच्या बाद होण्याचा अभ्यास करतो. शिवाय धावचक्रातल्या मोकळ्या जागा कित्येकदा फलंदाजाच्या उणिवेमुळे नव्हे, तर त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकामुळे मोकळ्या दिसतात.

तरीही योजना सोडली गेली नाही. ब्रिस्बेनला पहिल्या डावात स्मिथने 36 धावांवर वॉशिंग्टन सुंदरचा चेंडू लेग साइडला टोलवला, तो थेट शॉर्ट मिडविकेटला रोहित शर्माच्या हातात गेला. त्या फटक्याची रेघ त्याच्या धावचक्रात सापडणार नाही. ती बाद होण्याच्या नोंदीत वेगळी शोधावी लागते.