४ वर्षांची मुलगी गाईचं दूध पीत नाही. कॅल्शियम टाकलेलं सोया मिल्क किंवा ओट मिल्क दिलं तर दुधाइतकं कॅल्शियम-प्रोटीन मिळतं का?

सोया चालतंय. ओट दुधाच्या जागी नाही चालत. कारण सांगतो, पण जरा लांबणार आहे, ह्याच विषयावर माझं अन् माझ्या साडूचं चांगलंच वाजलेलं आहे.

मी औसा तालुक्यातला. गावात दूध संकलन केंद्र चालवतो आणि रानात सोयाबीन असतंय. म्हणजे दूध बी आमचं, सोयाबीन बी आमचं, ओट्सशी तेवढं काही नातं नाही. त्यामुळं मी एका बाजूनं बोलायलोय असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण आकडे मी पाकिटावरचेच वाचलेत.

साडूभाऊ पुण्यात असतात, आयटीत. दिवाळीला आले तेव्हा लेकरासाठी ओटची पाकिटं डिक्कीत घालूनच आले. लेकरू ४ वर्षांचं, दूध पूर्ण बंद केलेलं, का तर कुठंतरी वाचलं की दुधानं कफ होतो. अंगावर पुरळ नाही, पोट दुखत नाही, काही नाही. आमच्या दारात सकाळी कॅन भरायलेत आणि हे लेकरू पाकिटातलं पितंय. मी म्हणालो, ह्यात प्रोटीन नसतंय. तर साडूभाऊ म्हणाले, तुमच्याकडं फॅटचं मशीन आहे ना, लावा त्यावर, बघू. सासऱ्यांसमोर म्हणाले, म्हणून जास्त लागलं. अहो, ते मशीन दुधासाठी सेट केलेलं असतंय, त्यात ओटचं पाणी घातलं तर काहीतरी आकडा दाखवंल, त्याला अर्थ नाही. मग पाकीटच उलटं करून मागचा तक्ता मोठ्यानं वाचला. १०० मिलीला कॅल्शियम १२० मिलिग्रॅम, प्रोटीन १ ग्रॅम.

आता हिशोब बघा. ४ ते ६ वर्षांच्या लेकराला आयसीएमआर-एनआयएन ह्या सरकारी पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्याप्रमाणं दिवसाला ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि साधारण १६ ग्रॅम प्रोटीन लागतंय. २०० मिलीचे दोन ग्लास गाईचं दूध म्हणजे कॅल्शियम ४८० च्या आसपास आणि प्रोटीन १३ ग्रॅमच्या जवळ. दिवसाचं बहुतेक काम तिथंच झालं. चांगल्या सोया पाकिटाचे दोन ग्लास म्हणजे कॅल्शियम तेवढंच आणि प्रोटीन १२ ग्रॅम, वरून सोयाचं प्रोटीन दुधाच्या बरंच जवळ जाणारं. ओटचे दोन ग्लास म्हणजे कॅल्शियम कागदावर ४८०, प्रोटीन फक्त ४ ग्रॅम, आणि ते बी हलकं, कारण ओटच्या प्रोटीनमध्ये लायसिन नावाचं गरजेचं अमिनो आम्ल कमी असतंय. ओट म्हणजे शेवटी धान्याची पेज, एन्झाइम घालून पातळ केलेली. त्या एन्झाइमनं स्टार्चची साखर होते, म्हणून वरून साखर न घालता बी गोड लागतंय आणि लेकरं आवडीनं पितात.

आता तुम्ही म्हणाल प्रोटीन जेवणातून येईल. येतंय की, एका अंड्यात ६ ग्रॅम असतंय, वरण आहे, शेंगदाण्याचं कूट आहे. पण साडूचं लेकरू सकाळी ओट आणि बिस्कीट, दुपारी तूप-भात, रात्री नूडल्स. वरण बघितलं की तोंड फिरवतंय. अशा लेकराचं दूध काढून ओट दिलं तर ते ८-९ ग्रॅम कुठून भरणार?

आणि कॅल्शियम 'कागदावर' का म्हणालो ते ऐका, खरी गोष्ट ती आहे. गाईच्या दुधातलं कॅल्शियम बरंचसं केसिन ह्या दुधातल्या प्रोटीनला धरून सगळ्या दुधात पसरलेलं असतंय, तळाला बसत नाही. पाकिटातल्या सोया-ओटमध्ये कॅल्शियम कार्बोनेट नाहीतर ट्रायकॅल्शियम फॉस्फेटची बारीक पूड घातलेली असते आणि ती खाली बसते. आमची मेहुणी पाकीट फ्रीजमधून काढायची आणि हलक्या हातानं तसंच ओतायची. शेवटचं घट्ट-घट्ट आलं की 'बिघडलं वाटतं' म्हणून मोरीत. मी एक रिकामं पाकीट कात्रीनं कापून दाखवलं, तळाच्या कोपऱ्यात पांढरा खडूसारखा थर, बोटाला किरकिरीत लागत होता. लेकराच्या वाट्याचं कॅल्शियम मोरीत चाललं होतं. म्हणून सोया आणा नाहीतर ओट, प्रत्येक वेळी ओतायच्या आधी जोरात हलवायचंच, एकदा उघडताना हलवलं म्हणून भागत नाही. पूड कुठली तेही घटकांत वाचा. मोठ्या माणसांवर केलेल्या अभ्यासात कार्बोनेटवालं सोया दुधाइतकंच अंगी लागलं, ट्रायकॅल्शियम फॉस्फेटवालं त्याहून कमी.

पाकीट घेताना पुढचं चित्र बघू नका. मागं १०० मिलीला कॅल्शियम १२० च्या आसपास आणि प्रोटीन ३ ग्रॅमच्या जवळ पाहिजे, बिनसाखरेचं पाहिजे, बी-१२ घातलेलं असलं तर उत्तम. बऱ्याच पाकिटांत कॅल्शियम घातलेलंच नसतंय, ती घेऊन उपयोग नाही.

आमच्या सासूबाईंनी मग मधला मार्ग काढला, घरचं सोयाबीन भिजवून वाटून दूध काढू म्हणाल्या. काढा, प्रोटीन मिळंल, चांगलं खळखळ उकळायचं मात्र, कच्चं राहिलं तर पचत नाही. पण कॅल्शियमचं नाव घेऊ नका. १०० ग्रॅम सोयाबीनमध्ये मुळात २०० च्या वर थोडंफार कॅल्शियम, त्याचं लिटरभर दूध काढलं तर १०० मिलीला २० मिलिग्रॅम आलं तरी खूप. दुधाचा सहावा हिस्सा. जाता जाता एक, लिटरच्या पाकिटात सोयाबीन जातंय १०० ग्रॅमच्या आतबाहेर. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४८९२ होता, म्हणजे पाकिटात आमचं सोयाबीन ५ रुपयांचं. बाकीचे पैसे कशाचे ते साडूभाऊंना विचारा.

तुमच्या मुलीचं म्हणाल तर ती पीत नाही म्हणजे नेमकं काय, ते आधी बघा. नुसती चव नको असेल तर पाकिटाच्या नादाला लागूच नका, दही द्या, ताक द्या, पनीर द्या. एका वाटी दह्यात १८० च्या आसपास कॅल्शियम येतंय. दुधानं पोट फुगत असेल तरी दही बऱ्याच लेकरांना चालतंय. पण दूध पिल्यावर पुरळ, ओठ सुजणं, उलट्या असं होत असेल तर ती दुधातल्या प्रोटीनची ॲलर्जी असू शकते, तिथं दही बी नाही, म्हशीचं-शेळीचं बी नाही, आणि अशा काही लेकरांना सोया बी चालत नाही, त्यामुळं बालरोगतज्ज्ञाला दाखवूनच ठरवा, माझं ऐकू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला तर दुधाच्या जागी ह्यातलं काहीच नाही, गाईचं बी नाही, आईचं दूध नाहीतर डॉक्टरांनी सांगितलेला फॉर्म्युला.

साडूभाऊंकडं आता सोया येतंय म्हणे. विचारलं तर म्हणतात ओट दुकानात मिळत नव्हतं.