पीएलसी प्रोग्राम चौघांच्या लॅपटॉपवर असेल तर खरी प्रत कोणती?

“आमच्या टीममध्ये चौघांकडे टीआयए पोर्टलचा एकच प्रोजेक्ट आहे. शेवटची प्रत कोणती हेच कळत नाही. गिट वापरून सुटेल का?”

निम्मंच सुटेल. ‘.zap17’ ही अर्काइव्ह फाइल बायनरी असते. गिट ती जपून ठेवेल, पण दोघांचे बदल एकत्र करून देणार नाही. म्हणून एका वेळी एकानेच प्रोजेक्ट उघडायचा आणि तसं ग्रुपवर सांगायचं.

खरी प्रत पीएलसीत चालू असते ती. वेर्ण्याच्या एका कारखान्यात रात्रपाळीवाल्याने बाटल्या अडकतात म्हणून फिलरचा टायमर ५ वरून ८ सेकंद केला. बदल पीएलसीत गेला, पण त्याची प्रत त्याच्याच लॅपटॉपवर राहिली. दोन दिवसांनी मी दुसऱ्याच कामासाठी माझी जुनी प्रत पीएलसीत डाउनलोड केली आणि बाटल्या पुन्हा अडकू लागल्या. कारण शोधण्यात अख्खी सकाळ गेली. तेव्हापासून डाउनलोडआधी ऑफलाइन-ऑनलाइन तुलना केल्याशिवाय मी पुढे जात नाही. एखादा ब्लॉक वेगळा दिसला तर थांबायचं, तो बदल कोणाचा ते विचारायचं आणि आधी तो आपल्या प्रतीत घ्यायचा.

फाइलच्या नावात ‘final’, ‘new’ नको. लाइन, मशीन, तारीख, क्रमांक एवढं पुरे:

```
L2_Filler_2025-03-14_r041.zap17
```

नोंदीत जुनी किंमत हवीच, नाहीतर मागे फिरता येत नाही:

```
r041 FB_Filler T_Settle 5s -> 8s
```

शेजारी कारण आणि नाव लिहा. ‘टायमर बदलला’ एवढंच लिहिलं, तर रात्री दोनला मशीनसमोर उभ्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही.