मेन लाइनला बॉल व्हॉल्व्ह की गेट व्हॉल्व्ह?

प्रश्न: इंदूरला घर आहे. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या एक इंची मेन लाइनचा जुना गेट व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. तसाच नवीन घ्यावा की बॉल व्हॉल्व्ह? फरक काय?

बॉल व्हॉल्व्ह घ्या, फुल बोअरचा, म्हणजे आतलं भोक पाइपाएवढंच असलेला. हार्डवेअरच्या दुकानात रोज हेच विकतो, म्हणून सांगतो. गेट व्हॉल्व्हमध्ये चाक बरेच फेरे फिरवल्यावर पितळी पाचर खाली सरकत तळाच्या खाचेत बसते. आपल्याकडे नर्मदेच्या पाण्यात बोअरिंगचं पाणी मिसळलं की क्षार धरतात. त्यांची खपली आणि टाकीतला गाळ त्या खाचेत साचतो, पाचर टेकत नाही, आणि व्हॉल्व्ह बंद करूनही खालचा नळ ठिबकत राहतो. तुमचं बहुधा हेच झालंय. चाक आणखी आवळू नका, दांडा तुटतो. बॉल व्हॉल्व्हमध्ये आरपार भोक असलेला गोळा टेफ्लॉनच्या दोन कड्यांमध्ये फिरतो. पाव फेऱ्यात बंद, आणि दांडी पाइपाला आडवी दिसली म्हणजे बंद, हे घरातल्या कुणालाही कळतं. रात्री पाइप फुटल्यावर हे फार कामाचं.

मात्र तो अर्धवट उघडा ठेवून धार कमी करू नका, टेफ्लॉनची कडी झिजतात. महिन्यातून एकदा उघडझाप करा, नाहीतर क्षारांनी गोळाही जाम होतो. आणि बंद करताना दांडी हळू फिरवा. झटक्यात फिरवली तर धावतं पाणी अडून पाइपात दणका बसतो. मोठ्या व्यासाच्या लाइनवर गेट व्हॉल्व्ह वापरतात, त्यामागे हेही एक कारण आहे.