ज्युरीला एक्स्टर्नल म्हणून बोलावलंय, मार्क्स कशावर द्यायचे?

प्रश्न: "बेलापूरच्या एका कॉलेजमध्ये थर्ड इयरच्या डिझाइन ज्युरीला पहिल्यांदाच एक्स्टर्नल म्हणून जातेय. प्रत्येकाला जेमतेम दहा मिनिटं. नक्की बघायचं काय?"

मॅडम, मी ठाण्यात प्रॅक्टिस करतो आणि वर्षातून तीन-चार ज्युऱ्या होतात, तर माझी सवय सांगतो. पोरगं कॉन्सेप्ट सांगत असतं तेव्हा मी शीटवर जिना शोधतो. हसू नका, प्लॅन, सेक्शन आणि मॉडेल ही एकाच बिल्डिंगची आहेत की तीन वेगळ्या, ते जिना लगेच सांगतो.

मागच्या सेमिस्टरला एकाने पारसिक डोंगराच्या पायथ्याशी लायब्ररी केलेली, रेंडर एकदम झकास. सेक्शनमध्ये मजल्याची उंची ४.२ मीटर, आणि प्लॅनमध्ये जिन्याच्या एका फ्लाइटला दहा ट्रेड. म्हणजे अकरा रायझर, दोन फ्लाइटचे बावीस, ४२०० भागिले २२ म्हणजे १९१ मिलिमीटरची पायरी, लायब्ररीत चढणाऱ्या आजोबांचं काय होणार! १५० ची पायरी धरली तर अठ्ठावीस रायझर लागतात, फ्लाइटला तेरा ट्रेड, ३०० प्रमाणे ३.९ मीटर, वर दीड मीटरचं लँडिंग, झाले ५.४. त्याचा जिना ४.५ मध्ये कोंबलेला. आता हे ९० सेंटीमीटर कुठून आणणार?

चुकीचे मार्क मी तिथे कापत नाही, हा प्रश्न त्यालाच विचारतो. "सर, ते अजून रिझॉल्व्ह करायचंय" हे उत्तर आलं की समजायचं प्लॅन कुठून तरी उचललाय किंवा विचारच झाला नाही. या पठ्ठ्याने मात्र पेन्सिल काढली, टॉयलेट ब्लॉक मागे सरकवला, मग स्वतःच म्हणाला की कॉलमही हलेल आणि रीडिंग रूमचा स्पॅन वाढेल. बिल्डिंग त्याच्या डोक्यात होती, त्याला मी वरच्या रांगेत टाकला. सोबतच्या इंटर्नल सरांना ते फारसं पटलं नाही, पण असो.

मॉडेलकडे वरून बघू नका, वरून सगळीच चांगली दिसतात. वाकून बेसच्या लेव्हलला डोळा आणा. याच लायब्ररीच्या साइट प्लॅनवर तीन मीटरचा उतार होता आणि मॉडेलचा माउंटबोर्ड सपाट, म्हणजे एंट्रन्स एकतर हवेत नाहीतर मातीत. ते मार्क मात्र मी कापले.

आणि हो, पहिल्या चार-पाच जणांचे मार्क पेन्सिलनेच लिहा. सकाळी आपण कडक असतो, जेवणानंतर सैल पडतो, त्यामुळे शेवटचा रोल नंबर झाला की पहिल्यांच्या शीट्सपुढे परत एक चक्कर मारा. त्यासाठी शीट्स संध्याकाळपर्यंत पिनअपवरच ठेवायला सांगा, नाहीतर पोरं लगेच गुंडाळून घरी पळतात.